सरकार ओट्सचं, बहुमत साखरेचं

एनर्जी बारचं वेष्टन पुढून वाचायला दोन क्षण पुरतात. मागून वाचायचं झालं तर जवळचा चष्मा, मोबाइलचा टॉर्च, अख्खी दुपार आणि दहावीपर्यंतचं गणित, इतका जामानिमा लागतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'ओट्स', 'हनी', 'एनर्जी' अशी नावं, मधाची एक सोनेरी धार, आणि कुठल्यातरी कड्यावर दोन्ही हात पसरून उभा राहिलेला दाढीवाला तरुण. इतका दम अंगात असलेल्या माणसाला बार खायची गरज का पडावी, हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या बाजूला ना कडा, ना दाढी. तिथे चंदेरी कागदावर पांढरी अक्षरं छापलेली असतात. चंदेरीवर पांढरं छापायची युक्ती ज्याला सुचली त्याचा नागरी सत्कार व्हायला हवा. सगळं सांगून काहीही न कळू देण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही.

या बार प्रकरणाच्या मुळाशी माझा मेहुणा आहे. पूर्वी दिवाळीला तो चिवडा-चकली आणायचा. मग त्याने जिम लावली, आणि यंदा फराळाऐवजी चकचकीत खोकं आलं. आत नाना तऱ्हेचे बार होते. नेमकं त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट उलटसुलट करून सांगितलं होतं, "काका, साखर अजून कुंपणावर आहे. आत येऊ देऊ नका. चहाबरोबरची बिस्किटं आजपासून बंद." बिस्किटं बंद करणं सोपं असतं. चार वाजता चहा समोर आल्यावर रिकाम्या तोंडाचं काय करायचं, ते कुठलाच डॉक्टर सांगत नाही. बायकोने खोकं पुढे सरकवलं. "हे खा. हेल्दी आहे, बंटी म्हणत होता."

बंटी म्हणत होता, एवढं संशयाला पुरेसं होतं. शिवाय मी उभी नोकरी ऑडिटला काढली आहे. पुढचं पान बघून सही करायची नाही, ही खोड हाडात भिनलेली. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, खोड राहिली. आता ती किराणा, पंचांग आणि लग्नपत्रिका यांच्यावर चालते. मी बार उलटा केला, टॉर्च लावला. बायको म्हणाली, "अहो, खायचाय तो. त्याचा ताळेबंद नाही मांडायचा."

पण ताळेबंद तर तिथेच छापलेला होता.

आपल्याकडच्या लेबलच्या नियमात एक फार मोठी सोय आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे सगळ्यांत जास्त जे घातलं ते पहिलं. आणि दुसरी सोय अशी की ज्या घटकाचा पुढच्या बाजूला शब्दाने किंवा चित्राने गाजावाजा केला असेल, त्याचा टक्का यादीत लिहावा लागतो. हे टक्के म्हणजे ऑडिटरला आयती मिळालेली व्हाउचरं. माझ्या बारवर ओळ होती ती अशी: ओट्स (२४%), लिक्विड ग्लुकोज, राइस क्रिस्प (तांदळाचं पीठ, साखर, मीठ), साखर, मध (५%), बदाम (४%), क्रॅनबेरी (३%) (क्रॅनबेरी, साखर), खाद्यतेल, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर (आयएनएस ३२२), मीठ, फ्लेवर.

आधी बदाम तपासले, कारण पुढच्या चित्रात ते सांडलेले होते. बार ४० ग्रॅमचा. त्याचे चार टक्के म्हणजे १.६ ग्रॅम. स्वयंपाकघरातला केकचा वजनकाटा काढला, डब्यातले बदाम मोजून त्यावर ठेवले. एक बदाम साधारण १.२ ग्रॅम भरला. म्हणजे अख्ख्या बारमध्ये एक बदाम आणि दुसऱ्याचा तिसरा हिस्सा. चित्रात मात्र बदामांची रास. मी बायकोला हे सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मोजून झाले असतील तर बदाम परत डब्यात टाका. आणि डब्यातून खाल्लेले दोन मी पाहिलेत." थोडक्यात, बदाम तपासता तपासता मी बारमधल्यापेक्षा जास्त बदाम खाल्ले होते.

आता मुख्य खातं. यादीत पहिला नंबर ओट्सचा, म्हणून वेष्टनावर ओट्सचं राज्य. पण ही यादी मी दोनदा वाचली आणि आपल्या राज्यातल्या कुठल्याही सुजाण मतदारासारखा सावध झालो. साखर एकाच नावाने उभी राहिली असती तर वजनात ओट्सना लोळवून पहिल्या नंबरावर आली असती आणि वेष्टनाची शोभा गेली असती. म्हणून तिने आपला पक्ष आपणच फोडला. एक गट लिक्विड ग्लुकोज, एक गट साखर, एक मध, एक इन्व्हर्ट सिरप, आणि काही कार्यकर्ते राइस क्रिस्प आणि क्रॅनबेरीच्या कंसात नातेवाइकांकडे राहायला गेलेले. प्रत्येकाचं चिन्ह वेगळं, मतं वाटली गेली, आणि सर्वांत मोठा पक्ष म्हणून शपथविधीला ओट्सना बोलावलं. निकाल लागून सगळे पोटात उतरले की मग गट एकत्र येतात. तिथे पक्षांतरबंदी नाही.

गटांचं बळ नेमकं किती, ते कंपनी सांगत नाही. पण छापलेल्या टक्क्यांवरून ते कोपऱ्यात गाठता येतं. बदाम चार टक्के, क्रॅनबेरी तीन. क्रॅनबेरीच्या खाली असलेलं तेल आणि इन्व्हर्ट सिरप उतरत्या क्रमामुळे प्रत्येकी तीनच्या वर जाऊ शकत नाहीत. मीठ, फ्लेवर वगैरे चिल्लर मिळून फार तर एक. हे झाले चौदा. त्यात मध पाच, ओट्स चोवीस. एकूण त्रेचाळीस. म्हणजे उरलेले सत्तावन्न टक्के तिघांत वाटलेले आहेत: लिक्विड ग्लुकोज, राइस क्रिस्प आणि साखर. क्रिस्पना कितीही झुकतं माप दिलं तरी ते ओट्सच्या खाली असल्याने चोवीसच्या पलीकडे जात नाहीत. तेव्हा लिक्विड ग्लुकोज आणि साखर मिळून कमीत कमी तेहतीस. मध धरला की अडतीस. चोवीस टक्क्यांचं सरकार आणि अडतीस टक्क्यांचा बाहेरून पाठिंबा! हे गणित मी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि खाली तारीख टाकून सही केली. सही कुणासाठी केली, ते विचारू नका.

ती बेरीज ओरडून सांगितल्यावर आतून आई म्हणाली, "अरे, पण ते ओट्स चिकटणार कशाने?"

आईने कधी बार पाहिलेला नाही, पण जन्मभर चिक्की केली आहे. तिचा मुद्दा बिनतोड होता. ओट्स, कुरमुरे, बदामाचे काप ही सगळी स्वतंत्र वृत्तीची मंडळी. त्यांना एका वडीत बसवायचं तर पाक हवा. कारखान्यात त्याला बाइंडर म्हणतात आणि तो घालणं ही लबाडी नसून गरज असते. पण तेव्हा हे मला मान्य नव्हतं. "पाकाशिवाय करून दाखवतो," असं मी जाहीर केलं आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

पहिल्या घाण्यात ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया आणि दोन चमचे मध. थाळीत थापून फ्रीजमध्ये ठेवलं. सुरी लावली तेव्हा सुरीच्या दोन्ही बाजूंना चिवडा झाला. बायकोने तो डब्यात भरला आणि डब्यावर 'चिवडा (गोड)' अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्या घाण्यात मध वाढवला. वड्या पडल्या, पण फ्रीजबाहेर काढल्यावर चहा गाळून होईपर्यंत त्या बशीत पसरल्या. मधात पाण्याचा अंश बराच असतो. तो आटवल्याशिवाय मध काही धरून ठेवत नाही.

तिसऱ्या घाण्याला मी ईर्ष्येने साखरेचा पक्का पाक केला. आई स्टुलावर बसून देखरेख करत होती. तिने पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायला लावला. पहिल्यांदा थेंब विरघळला, मग त्याची मऊ गोळी झाली. "आता थांब," आई म्हणाली. मी ऑडिटर, गोळी पुरेशी पुराव्यानिशी सिद्ध झालेली नाही म्हणून आणखी थोडं उकळलं. पुढचा थेंब वाटीच्या काठावर पडला तो टण्ण वाजला. म्हणजे चिक्कीचा पाक. ओट्सच्या त्या वडीने माझ्या डाव्या दाढेतली चांदी बाहेर आली. दंतवैद्यांनी कारण विचारलं, मी 'पौष्टिक आहार' असं सांगितलं.

लिक्विड ग्लुकोजचं महत्त्व मला त्या खुर्चीत, तोंड उघडं असताना पटलं. नुसत्या साखरेचा पाक थंड झाला की कडक होतो, किंवा पुन्हा कणी धरून रवाळ पडतो. मक्याच्या स्टार्चचे तुकडे करून केलेला हा घट्ट चिकट द्रव पाकात असला की साखरेला कणी धरता येत नाही, वडी महिनोन्महिने लवचीक राहते आणि दात शाबूत राहतात. ब्राउन राइस सिरप, टॅपिओका सिरप ही त्याच घराण्यातली भावंडं. स्टार्च तांदळाचा असो की साबुदाण्याच्या कंदाचा, तुकडे होऊन पाक झाला की कामगिरी तीच. 'ब्राउन' या शब्दाने मला बरेच दिवस गप्प बसवलं होतं, हेही सांगून टाकतो.

पण या द्रवाची एक गंमत पोषणाच्या तक्त्यात उतरते. माझ्या बारच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे कर्बोदकं ७३ ग्रॅम, त्यात एकूण साखर ३० आणि वरून घातलेली साखर २८. मुळात तक्ता १०० ग्रॅमचा आणि बार ४० ग्रॅमचा, त्यामुळे प्रत्येक आकडा ०.४ ने गुणावा लागतो. तसं गुणलं की एका बारात कर्बोदकं २९ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम. साखरेचा सपाट चहाचा चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे तीन चमचे. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा साखर असते. इथे तीस टक्के. डॉक्टरांनी बंद केलेल्या बिस्किटांपेक्षा त्याऐवजी आलेला बार गोड निघाला. ही बातमी मी बायकोला दिली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मग बिस्किटं परत चालू करायची, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" बायकोने ऑडिटला यायला हवं होतं.

तीन चमच्यांवर हिशेब मिटत नाही. एकोणतीसातून बारा वजा, सतरा ग्रॅम कर्बोदकं राहिली. ती कुणाची? बारातले ओट्स साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, त्यांची कर्बोदकं सहा. क्रिस्पची सहा-साडेसहा. तरी पाचेक ग्रॅम बेवारस उरतात. ती आहेत लिक्विड ग्लुकोजची. तक्त्यातल्या 'साखर' रकान्यात फक्त एका किंवा दोन कड्यांच्या साखरा मोजतात. स्टार्च तोडताना लिक्विड ग्लुकोजमध्ये त्याहून लांब साखळ्याही राहतात. नेहमीच्या प्रकारात एक-दोन कड्यांचा वाटा साधारण तिसरा हिस्सा असतो. बाकीच्या साखळ्या कायद्याने साखर नाहीत, त्यामुळे त्या रकान्यात दिसत नाहीत. पोटात गेल्यावर मात्र त्यांच्या कड्या पटापट सुटतात आणि ग्लुकोज म्हणूनच रक्तात हजर होतात. माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पावडर याच वर्गातली, फक्त तिच्या साखळ्या अजून लांब. म्हणून हल्ली मी साखरेच्या ओळीखाली बोट ठेवून थांबत नाही. यादीत वरच्या चार नावांत सिरप दिसलं की कर्बोदकांची ओळही वाचतो. कुंपणावर बसलेल्या साखरेला छापील रकान्याशी काही देणंघेणं नसतं.

हे सगळं मेहुण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही चुकीचा बार धरलात. त्याच खोक्यात खजुराचा आहे. त्यात साखरच नाही."

खजुराचा बार दिसायला सात्त्विक होता. कड्यावरचा तरुण नाही, त्याऐवजी खडबडीत कागद आणि हाताने लिहिल्यासारखी अक्षरं. घटक चारच: खजूर (५५%), काजू, बदाम, कोको. पुढे अभिमानाने 'वरून साखर घातलेली नाही'. तक्त्यात वरून घातलेली साखर शून्य. मी समाधानाने अर्धा खाऊन मग वरची ओळ वाचली. एकूण साखर, १०० ग्रॅममागे ३६. म्हणजे ४० ग्रॅमच्या बारात चौदा ग्रॅमच्या वर, साडेतीन चमचे. पाकवाल्या बारापेक्षा अर्धा चमचा जास्त!

इथे खजुराची बाजू घ्यायला हवी. त्याला कुणी गोड केलेलं नाही, तो मुळातच वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखर घेऊन झाडावरून उतरतो. बारातला बावीस ग्रॅम खजूर म्हणजे बी काढलेले साधारण तीन नग. त्यांची साखर चौदा ग्रॅम, गणित चोख जुळतं. तंतुमय पदार्थही त्यात आहेत, १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम. मात्र ही वडी चिकटवायला पाक लागला नाही, त्याचं कारण खजूरच पाकाचं काम करतो आहे, हेही तितकंच खरं. म्हणूनच कोडेक्स ही आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता 'साखर घातलेली नाही' असं म्हणू देताना अट घालते की साखरेच्या ऐवजी गोडी आणणारा पदार्थही त्यात नको, आणि उदाहरणात सुक्या फळांच्या पेस्टचं नाव घेते. खजूर गोडीसाठी घातला की खजूर खजुरासाठी घातला, यावर मग दोन्ही बाजूंचे वकील जेवू शकतात. आणि खजुराचं सिरप यादीत दिसलं तर वादच मिटला. ते वरून घातलेल्या साखरेतच जमा होतं, वेष्टन कितीही खडबडीत असो.

मी बायकोला म्हटलं, "तीन खजूर आणि चार काजू. याला इतके पैसे?"

"तीन खजूर खायला सांगितले असते तर खाल्ले असतेत का?" ती म्हणाली. "चांदीचा कागद असल्याशिवाय तुमच्या घशाखाली काही उतरतं का?"

आईने उरलेला अर्धा बार चाखून 'खजुराचे लाडू आहेत, चपटे झालेत' असा निर्वाळा दिला.

खोक्यात शेवटी राहिली प्रोटीनवाली जमात. त्यातल्या एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रोटीनने समृद्ध'. हे 'समृद्ध' काय प्रकरण आहे ते मी शोधलं. दाव्यांच्या नियमानुसार घन पदार्थात १०० ग्रॅममागे दैनंदिन गरजेच्या २० टक्के प्रोटीन असेल तर 'समृद्ध' म्हणता येतं, १० टक्के असेल तर नुसतं 'स्रोत'. आयसीएमआरने २०२० मध्ये ६५ किलोच्या पुरुषासाठी दिवसाची शिफारस ५४ ग्रॅम ठरवली. त्याचे २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. तेव्हा शंभर ग्रॅमला अकरा ग्रॅम भरले की समृद्धी आली. पण खातो कोण शंभर ग्रॅम? ४० ग्रॅमच्या बारातून पदरात पडतात साडेचार ग्रॅम. वीस ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे टीव्हीवर बातम्या बघता बघता नकळत संपणारी मूठ, तेवढंच देतात, आणि त्यांच्यावर कुणी काही छापत नाही.

मेहुण्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, "दाजी, ते गल्लीतले. खरा बार वीस ग्रॅमचा असतो." आणि त्याने खिशातून काढला. यात खोट काढायला जागा नव्हती: एका बारात २० ग्रॅम प्रोटीन, व्हे प्रथिनांची पावडर यादीत पहिली, साखर एक ग्रॅम. मी विचारलं, "मग गोड कशाने?" यादीत माल्टिटॉल होतं. हा शर्करा-अल्कोहोल. नाव अल्कोहोल असलं तरी चढत नाही. साखरेच्या जवळपास गोड, उष्मांक निम्म्याहून थोडे जास्त, आणि साखरेच्या रकान्यात गैरहजर. रक्तातली साखर तो साखरेपेक्षा पुष्कळ कमी वाढवतो, पण अगदीच वाढवत नाही असंही नाही. त्याचा बराच भाग आतड्यात शोषलाच जात नाही, तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे जंतूंची मेजवानी होते. म्हणून असे पदार्थ दहा टक्क्यांच्या वर गेले की लेबलवर रेचक परिणामाची सूचना छापावी लागते. ती इथेही छापली होती. वेष्टनाचा जोड जिथे चिकटवतात, त्या घडीच्या आत.

मी सूचना वाचून दाखवली. तो म्हणाला, "तुम्ही फार वाचता, दाजी," आणि मुंबईला निघताना वाटेत जेवायला थांबायला नको म्हणून एकामागून एक दोन बार खाल्ले. पुढचं मला त्याच्या बहिणीकडून तुटक तुटक कळलं, कारण तो स्वतः त्या विषयावर बोलत नाही. खंडाळ्याच्या घाटात कंटेनर उलटलेला, चारी रांगा ठप्प, आणि जंतूंची मेजवानी ऐन रंगात. बायको म्हणाली, "त्याने रात्री फोन करून विचारलं, ती सूचना नेमकी कुठे लिहिली होती म्हणून." मी घडीचा फोटो काढून, बाण दाखवून पाठवला. त्याने अंगठा पाठवला नाही.

आता माझी वाचनाची शिस्त ठरून गेली आहे. सुपरमार्केटात मी बारांच्या फळीसमोर टॉर्च घेऊन उभा राहतो. एका पोऱ्याने मला अन्नखात्याचा माणूस समजून खुर्ची दिली, मॅनेजरने चहा मागवला आणि "साहेब, आमच्याकडे तारखा सगळ्या ताज्या आहेत," असं चार वेळा सांगितलं. मी गैरसमज दूर केला नाही. चहा बिनसाखरेचा मागितला, तेवढंच.

सगळ्यांत जास्त धक्का मात्र घरच्या डब्याने दिला. 'समृद्ध'ची कसोटी हातात आल्यावर मला स्वयंपाकघरात दुसरं काही दिसेनासं झालं. शेंगदाण्याची चिक्की घेतली. निम्मे शेंगदाणे धरले तरी १०० ग्रॅममागे बाराएक ग्रॅम प्रोटीन, म्हणजे समृद्ध. नुसते ओट्सही समृद्ध. डाळी तर विचारूच नका, त्यांच्यापुढे ही कसोटी शरमेल. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात गव्हाचं पीठ पाहिलं. १०० ग्रॅममागे १०.५७ ग्रॅम! मर्यादा १०.८. आपली पोळी अवघ्या पाव ग्रॅमने समृद्धी हुकलेली. अख्खा हरभरा १८ ग्रॅमच्या वर. नऊ भाग गव्हाला एक भाग हरभरा, की पीठ सव्वाअकराच्या पुढे. आई वर्षानुवर्षं दळणात ओंजळभर हरभरे टाकते ते पोळी खुसखुशीत होते म्हणून. कायद्याने ती समृद्ध होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गिरणीत दळण द्यायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. गिरणीवाल्याला सगळं समजावून सांगितलं: कसोटी, टक्के, हरभरे. तो पट्ट्याच्या आवाजात कान पुढे करून नीट ऐकत होता. मग त्याने गिरणी बंद केली, हात झटकले, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या आणि विचारलं,

"म्हणजे काका, हे सगळं पाटीवर लिहिलं तर किलोमागे किती वाढवायचे?"